केस दम खात नाहीत

वर्षानुवर्षे लावलेला काळा कलप सोडून पांढऱ्या केसांकडे परतायचे असे घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने ठरवले, की निर्णय जितका साधा वाटतो तितकी त्याची वाट साधी नसते. आमच्या घरी हा प्रसंग माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, निमित्ताने आला. ती खालापूरला राहते आणि मी कर्जतला. तिचे वय ७२. तीस वर्षे ती नेमाने दर तीन आठवड्यांनी कलप लावीत असे. मग खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि पाच महिने कलपाचा विषयच निघाला नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे मुळाशी पाचएक सेंटिमीटर शुभ्र पांढरे आणि त्याखाली पाठीपर्यंत काळेकुळकुळीत, असे तिचे डोके दिसू लागले. भांगाच्या दोन्ही बाजूंना जणू कोणी चुन्याची रेघ ओढली होती.

दीड महिन्यावर नातीचे लग्न आले होते. पुन्हा काळा कलप लावण्याची अक्काची इच्छा नव्हती. मान वाकवून तासभर स्टुलावर बसणे तिला आता जमणारही नव्हते. मात्र दुरंगी केसांनी मांडवात उभे राहणेही तिला नको होते. त्यात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी अनेकांचे केस गळतात, तसे तिचेही गळून विरळ झाले होते. ती मला म्हणाली, "रंगाचं काय ते तू ठरव. पण जे उरलेत ते तुटायला नकोत."

उपाय सर्वांनी एकच सांगितला: काळा रंग ब्लीचने उतरवायचा आणि त्यावर राखी छटेचा रंग द्यायचा. मतभेद होता तो वेळेचा. कर्जतच्या एका पार्लरमधील बाई म्हणाल्या, "मावशी, दोन्ही एकाच दिवशी उरकू, संध्याकाळी घरी जाल." खोपोलीतील दुसऱ्या बाईंनी मात्र ठामपणे बजावले, "ब्लीचनंतर पंधरा दिवस केसांना दम खाऊ द्या, मगच रंग लावा." दोघीही अनुभवी होत्या आणि दोघींचाही हेतू चांगला होता. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले, म्हणून हा तंटा सोडवण्याचे काम माझ्याकडे आले.

प्रथम केसाची रचना ध्यानात घेऊ. केसाचा आतला गाभा केराटिन नावाच्या प्रथिनाच्या लांब धाग्यांचा असतो आणि त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली पातळ खवल्यांची आवरणे असतात. सर्वांत वरच्या खवल्यावर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर असतो. नव्या केसावरून पाणी घरंगळते ते त्याच्यामुळे. गाभ्यातील धागे एकमेकांशी दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी जोडलेले असतात. एक प्रकार दुबळा, पण संख्येने अमाप. हे बंध पाण्यात सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली तर सकाळी केसांना वळण येते, ते ह्याच बंधांमुळे. दुसरा प्रकार गंधकाच्या अणूंचा. हे बंध बळकट असतात आणि पाण्याने सुटत नाहीत. केस ओला झाला की त्याची ताकद मुख्यत्वे ह्या गंधकबंधांवर टिकून असते.

आता ब्लीच काय करते ते पाहू. परसल्फेटची पूड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण यांचे ते मिश्रण असते, साधारणपणे एक भाग पूड आणि दोन भाग द्रावण. ते अल्कधर्मी असल्यामुळे केस फुगतो, खवले उघडतात आणि पेरॉक्साइड गाभ्यात शिरून रंगद्रव्य मोडते. परंतु ते केवळ रंगद्रव्यच मोडत नाही. वाटेत भेटणारे गंधकबंधही ते तोडते आणि वरचा स्निग्ध थर धुऊन नेते. तुटलेल्या गंधकबंधाचे रूपांतर एका निराळ्या आम्लात होते, आणि त्यातून मूळ बंध पुन्हा तयार होत नाही.

'दम खाण्या'च्या सल्ल्याची अडचण इथेच आहे. त्वचेला जखम झाली तर पंधरा दिवसांत ती भरते, कारण त्वचेत जिवंत पेशी असतात. डोक्याबाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो. त्याला रक्त पोचत नाही आणि त्याची झीज भरून काढणारे कोणी नसते. पंधरा दिवस थांबा किंवा पन्नास दिवस, ब्लीचने तोडलेले बंध तुटलेलेच राहतात. केसाची ताकद ठरते ती एकूण किती तीव्र मिश्रण, किती वेळ आणि कितीदा लागले यावर. दोन पायऱ्यांमध्ये किती दिवस गेले, हे तेथे फारसे मोजले जात नाही.

मग थांबणे आणि न थांबणे यांत काहीच फरक नाही का? हे पाहण्यासाठी मी एक घरगुती प्रयोग केला. अक्काचे केस थोडे कापायचेच होते. तिच्या मानेजवळच्या काळ्या भागातून पेन्सिलीच्या शिशाइतक्या बारीक चार बटा कापून घेतल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. पहिली बट तशीच ठेवली. उरलेल्या तिन्ही बटांना ६ टक्के पेरॉक्साइड घातलेले ब्लीच एकाच वेळी, अर्धा तास लावले. त्यांतील दुसऱ्या बटेला त्याच दिवशी अमोनियायुक्त कायमस्वरूपी तपकिरी रंग दिला. तिसऱ्या बटेला तोच रंग पंधरा दिवसांनी दिला. मधल्या काळात ती बट दर तीन दिवसांनी शाम्पूने धुऊन विंचरली. चौथ्या बटेला त्याच दिवशी, पण सौम्य रंग दिला. ह्या रंगात अमोनिया नव्हता आणि त्यातील पेरॉक्साइड २ टक्क्यांहून कमी होते. तो केसाला आणखी उजळ करीत नाही, फक्त छटा देतो.

शेवटी प्रत्येक बटेतील काही केस पाण्यात भिजवून पट्टीवर धरले आणि हळूहळू ताणले. चांगला ओला केस दहा सेंटिमीटरचा सुमारे तेरा होईपर्यंत ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्वस्थितीला येतो. ब्लीच न केलेल्या बटेतील केसांनी तेच केले. दुसऱ्या बटेतील बरेच केस मऊ रबरासारखे लांबत गेले आणि परत आलेच नाहीत. काही मध्येच तुटले. पंधरा दिवस थांबलेल्या तिसऱ्या बटेची गतही जवळजवळ तीच झाली, आणि तिची टोके तर अधिक विस्कटलेली होती, कारण मधल्या धुण्या-विंचरण्याने स्निग्ध थर गेलेला केस आणखी झिजला होता. सौम्य रंगाची चौथी बट या दोघींपेक्षा स्पष्टपणे बरी निघाली. एका घरातील चार बटा म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण वर सांगितलेल्या रसायनाशी हे निरीक्षण जुळते. फरक पडला तो दुसऱ्या पायरीच्या तीव्रतेने.

तरीही थांबण्याचा सल्ला निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. त्यामागे दोन खरी कारणे आहेत. मात्र ती केसाच्या बळकटीची नाहीत.

पहिले कारण डोक्याची त्वचा. ती जिवंत असते आणि ब्लीचने तिचा दाह होतो. उतारवयात त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते, म्हणून हा दाह अधिक जाणवतो. ब्लीचने चुरचुरलेल्या त्वचेवर लगेच कायमस्वरूपी रंग लावणे म्हणजे एका त्रासावर दुसरा चढवणे. अशा रंगांत बहुधा असणाऱ्या पॅराफेनिलिनडायमाइन ह्या द्रव्याची ॲलर्जी अनेकांना असते किंवा नंतर होते. आधी त्वचेवर चाचणी घ्या, अशी सूचना आपल्याकडे अशा कलपांच्या खोक्यावर छापावी लागते, ती याचसाठी. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. तीस वर्षे काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे समजू नये. ब्लीच मुळापर्यंत लागले असेल, तर दुसरी पायरी दोन आठवड्यांनीच करावी आणि त्वचेवर लाली, खपली किंवा खाज उरलेली नाही ना, हे पाहून करावी.

दुसरे कारण म्हणजे पाहण्याची संधी. ब्लीच केलेला केस वाळला की पुष्कळदा ठीक दिसतो, कारण कोरडेपणी दुबळे बंध पुन्हा जुळलेले असतात. खरी स्थिती कळते ती पुढच्या धुण्याच्या वेळी. मधल्या दिवसांत कंगव्यात आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावेत. पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला बारीक पांढरी गाठ असलेला केस मुळापासून गळलेला असतो. असे काही केस रोज गळतातच. गाठ नसलेले आखूड तुकडे मात्र मध्येच तुटलेल्या केसांचे असतात. हे तुकडे वाढत असतील, तर दुसरी रासायनिक पायरी रद्द करावी.

एकाच दिवशी दोन्ही करण्यात केसाला धोका कोणता, तेही सांगायला हवे. ब्लीच धुतल्यावर केस अल्कधर्मी आणि फुगलेला असतो. अशा केसात दुसरे मिश्रण झपाट्याने शिरते. टोके गरजेपेक्षा गडद होतात आणि तीव्र रंग असेल तर नुकसानही वाढते. परंतु हा फुगवटा ओसरायला पंधरा दिवस लागत नाहीत. भरपूर पाण्याने धुऊन, आम्लधर्मी कंडिशनर लावून, टॉवेलने न चोळता टिपून वाळवले, की काही तासांतच खवले बरेचसे मिटतात.

हे सारे अक्काच्या डोक्यावर कसे उतरवायचे, हा पुढचा प्रश्न होता, आणि येथे तिच्या त्या नकोशा पांढऱ्या रेघेनेच मार्ग दाखवला. पांढऱ्या केसात रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. त्याला ब्लीच लावले तर उजळण्याजोगे काही नसते. बंध मात्र तुटतात, म्हणजे निव्वळ तोटा. मुळाशी पाच सेंटिमीटर पांढरे केस होते, म्हणून ब्लीच त्याखालच्या काळ्या भागालाच लावायचे होते. त्वचेपर्यंत ते पोचणारच नव्हते. थांबण्याचे पहिले कारण अशा रीतीने आपोआप दूर झाले. दुसऱ्या कारणाचे काम चार बटांनी आधीच केले होते. दुसरी पायरी सौम्य रंगाची ठरली. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करावे, असा निर्णय मी घेतला. खुब्याच्या दुखण्यात तिला खालापूरहून दोनदा आणावे लागणार नव्हते, हाही लाभ होता.

कर्जतच्या बाईंना मी हे सारे समजावले आणि त्यांनी ते मनापासून ऐकले. आधी केस खांद्यापर्यंत कापले. कलपाचे सर्वाधिक थर बसलेला, सर्वांत जुना आणि झिजलेला भाग त्यात निघून गेला. सगळे डोके उजळायचे नाही, असे ठरले होते. भांगाच्या आणि कपाळाच्या कडेने बारीक बटा निवडून, फॉइलमध्ये ठेवून, ६ टक्क्यांच्याच पेरॉक्साइडचे ब्लीच त्यांच्या काळ्या भागाला लावले. वरून उष्णता दिली नाही आणि दर पाच-सात मिनिटांनी एक फॉइल उघडून पाहिले. मिश्रण गरम होऊ लागले तर तत्काळ धुवायचे, हे आधीच ठरले होते. जुन्या कलपात किंवा बाजारच्या 'काळ्या मेंदी'त कधी कधी धातूचे क्षार असतात, आणि त्यांच्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली की उष्णता निर्माण होऊन केस जळू शकतो. कापलेल्या बटांवर असे काही झाले नव्हते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

अर्ध्या तासात काळ्या बटा तांबूस झाल्या, आणि तेथेच बाईंनी हात थांबवला. हे आपण नीट लक्षात ठेवावे: जुना काळा कलप ब्लीचने पांढरा होत नाही. तो आधी तपकिरी, मग तांबूस-नारिंगी होतो. तेथून फिकट पिवळ्यापर्यंत न्यायचे तर पुन्हा पुन्हा ब्लीच करावे लागते, आणि म्हाताऱ्या, विरळ केसांची वाताहत त्या हट्टापायी होते. आम्ही रुपेरी रंगाचा हट्ट धरला नाही. केस धुतले, कंडिशनर लावला, टिपून वाळवले आणि अक्काला तासभर पाय मोकळे करू दिले. मग त्या तांबूस बटांवर सौम्य राखी रंग दहाच मिनिटे ठेवला. धुताना मान बेसिनवर मागे ताणू दिली नाही. वयस्कर माणसांच्या मानेतील रक्तवाहिन्यांना ती स्थिती घातक ठरू शकते. मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवून, अगदी थोडे कलते बसवून डोके धुतले.

केस रुपेरी झाले नाहीत. मुळाशी पांढरे, मध्ये राखी-तपकिरी आणि खाली काळपट, असे ते एकमेकांत मिसळून गेले आणि ती चुन्याची रेघ दिसेनाशी झाली. अक्काने आरसा बराच वेळ हातात धरला आणि एवढेच म्हणाली, "आता मी माझ्या वयाची दिसते."

त्यानंतरची काळजी तिच्या सुनेने घेतली. आठवड्यातून एकदाच डोके धुवायचे आणि धुण्याआधीच्या रात्री खोबरेल तेल लावायचे, असा नेम ठेवला. खोबरेल तेलाने तुटलेले बंध जुळत नाहीत. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतील आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे दिसले, की खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसातून होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी झाला, आणि तो ब्लीच केलेल्या केसांतही कमी झाला. कंपनी खोबरेल तेल विकणारीच आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे: हे तेल केसाच्या आत शिरते, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो. केस विंचरताना सूनबाई ते जवळजवळ वाळू देत असे, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करून वर मुळांकडे जात असे. ओल्या केसाची ताकद ब्लीचने सर्वाधिक घटते, म्हणून ओल्या केसात कंगवा ओढणे हेच तुटण्याचे मोठे कारण असते.

पंधरा दिवस तिने कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले. आखूड तुकडे दिसले, पण थोडे, आणि ते वाढत गेले नाहीत. लग्नानंतर मी अक्काला उरलेल्या काळ्या भागासाठी पुन्हा ब्लीच करायचे का, असे विचारले. ती नको म्हणाली. महिन्याला एक सेंटिमीटर पांढरे वाढते आहे, दर दोन महिन्यांनी तेवढेच काळे खालून कापले की वर्षा-दीड वर्षात काम होईल, हा हिशेब तिने स्वतःच केला होता. कोणत्याही रसायनाशिवाय पांढऱ्याकडे जाण्याची वाट हीच आहे, आणि लग्नाची तारीख जवळ नसती तर मी तिला पहिल्या दिवसापासून हीच सुचवली असती.

आपल्या घरी हा प्रश्न आला तर पार्लरमध्ये 'आज की पंधरा दिवसांनी' एवढेच विचारून थांबू नका. ब्लीच त्वचेला लागणार आहे का, पेरॉक्साइड किती टक्क्यांचे आहे, आणि दुसरा रंग अमोनियाचा कायमस्वरूपी आहे की केवळ छटा देणारा सौम्य आहे, हे विचारा. पहिल्याचे उत्तर 'हो' असेल किंवा दुसरा रंग तीव्र असेल, तर त्वचेसाठी दोन आठवडे थांबा. मात्र त्या दोन आठवड्यांत केस बळकट होतील, अशी आशा धरू नका.